कालवाच्या पिल्लाचे पहिले दोन दिवस: समुद्राच्या आम्लीकरणाचे रसायन

समुद्राच्या आम्लीकरणाचा धडा सुरू झाला की अनेक वर्गांत एक प्रयोग हमखास केला जातो. बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचे रिकामे शिंपले व्हिनेगरच्या ग्लासात टाकतात, त्यांच्यावर बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि दुसऱ्या दिवशी ते पातळ, ठिसूळ झालेले दिसतात. प्रयोग डोळ्यांना पटतो, परंतु माझ्या मते तो पहिल्याच तासाला दाखवणे चुकीचे आहे, कारण त्यातून विद्यार्थ्याच्या मनात जे चित्र उमटते ते समुद्रात घडणाऱ्या गोष्टीचे नसते. व्हिनेगरचा सामू, म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो तो, अडीच-तीनच्या आसपास असतो. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सरासरी सामू औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे ८.२ होता आणि आज तो सुमारे ८.१ वर किंवा किंचित खाली आला आहे. म्हणजे समुद्र आजही अल्कधर्मीच आहे आणि या शतकात तरी उघडा समुद्र सातच्या खाली जाणार नाही. वांद्र्याच्या खडपांवर चिकटलेली मोठी कालवे उद्या विरघळून जातील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही कवच बनवणाऱ्या प्राण्यांवर संकट आहे. ते समजण्यासाठी तयार कवचाकडे पाहून भागत नाही, कवच बनत असतानाच्या काही तासांकडे पाहावे लागते.

सुरुवात पाण्यापासून करू. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहे. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि प्राणवायूच राहतो. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो पाण्याशी अभिक्रिया करतो, त्यातून कार्बोनिक आम्ल तयार होते आणि ते लगेच हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट आयन यांत विभागले जाते.

```
CO2 + H2O ⇌ H2CO3 ⇌ H+ + HCO3-
HCO3- ⇌ H+ + CO3(2-)
```

बाण दोन्ही दिशांना आहेत, आणि सारे मर्म तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यात हे तीनही प्रकारचे कार्बन, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, एकाच वेळी नांदत असतात आणि त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सामू ठरवतो. नवा कार्बन डायऑक्साइड आत आला की सुटलेले हायड्रोजन आयन मोकळे राहत नाहीत. त्यांतील बहुतेकांना पाण्यात आधीपासून असलेले कार्बोनेट आयन पकडतात आणि स्वतः बायकार्बोनेट होऊन बसतात. दोन्ही पायऱ्या एकत्र लिहिल्या तर हिशेब असा दिसतो.

```
CO2 + CO3(2-) + H2O → 2 HCO3-
```

एक कार्बन डायऑक्साइड आत आला, एक कार्बोनेट खर्ची पडला आणि दोन बायकार्बोनेट तयार झाले. कार्बोनेट हा समुद्राचा राखीव साठा आहे. सामू फार घसरू नये म्हणून तोच पुढे होऊन आम्लाचा मारा झेलतो आणि त्या झेलण्यात स्वतः कमी होत जातो. कवच मात्र कॅल्शियम कार्बोनेटचे असते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू, कारण या विषयात नुसत्या बाणांवरून अंदाज बांधला की तो हमखास चुकतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाचे, ३५ क्षारतेचे आणि प्रति किलोग्रॅम २,३०० मायक्रोमोल अल्कता असलेले समुद्राचे पाणी घ्या. अल्कता म्हणजे आम्ल झेलण्याची पाण्याची एकूण क्षमता. तिची आणि क्षारतेची गल्लत होऊ देऊ नये, कारण क्षारता मिठाची आणि अल्कता या झेलण्याच्या ताकदीची. कार्बन डायऑक्साइड मिसळल्याने अल्कता बदलत नाही, ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे ती दोनदा लागणार आहे.

या पाण्याचा सामू ८.१ असताना प्रति किलोग्रॅम साधारण १,७३० मायक्रोमोल बायकार्बोनेट, २३५ मायक्रोमोल कार्बोनेट आणि जेमतेम १० मायक्रोमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तिन्हींची बेरीज सुमारे १,९७५. आता याच पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळत जाऊन सामू ७.८ वर आणू. नवे गणित असे बसते: बायकार्बोनेट सुमारे १,९७५, कार्बोनेट सुमारे १३५, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे २२ आणि एकूण कार्बन सुमारे २,१३०. म्हणजे पाण्यात एकूण कार्बन आठ टक्क्यांनी वाढला आणि कार्बोनेट मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक घटला.

बाहेरून घातलेले साधारण १५५ मायक्रोमोल कोठे गेले, हेही मांडून पाहण्यासारखे आहे. त्यांपैकी सुमारे १०० कार्बोनेटशी भिडले, चाळीसेक बोरेट आयनांनी सामावून घेतले (समुद्रात बोरॉन असते आणि तेही थोडे आम्ल झेलते) आणि फक्त दहा-बारा कार्बन डायऑक्साइड म्हणून जसेच्या तसे उरले. सामू ८.१ वरून ७.८ वर येणे हा आकडा किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी लघुगणकाची असल्यामुळे ०.३ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट होणे. त्याच न्यायाने औद्योगिक क्रांतीपासून झालेली ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्क्यांची वाढ.

कार्बोनेट घटला याचा कवचाशी संबंध काय, हे सांगण्यासाठी एक गुणोत्तर वापरतात. त्याला संपृक्तता म्हणतात आणि ओमेगा या ग्रीक अक्षराने दाखवतात.

```
Ω = [Ca2+] × [CO3(2-)] / Ksp
```

अंशस्थानी पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचा गुणाकार आहे आणि छेदस्थानी त्या खनिजाचा विद्राव्यता गुणांक. ओमेगा एकच्या खाली गेला की उघडे पडलेले खनिज आपोआप विरघळू लागते. एकच्या वर असेल तर ते टिकते आणि तत्त्वतः नव्याने साचूही शकते. प्राण्यांच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट मुख्यत्वे दोन रूपांत आढळते. त्यांपैकी ॲरागोनाइट हे कॅल्साइटपेक्षा सुमारे दीडपट अधिक विद्राव्य आहे, म्हणून पाणी बिघडू लागले की आधी ॲरागोनाइटचे कवच अडचणीत येते. आपल्या उदाहरणातील पाण्यात कॅल्शियम प्रति किलोग्रॅम सुमारे १०.३ मिलिमोल आहे. त्यावरून ॲरागोनाइटचा ओमेगा सामू ८.१ ला सुमारे ३.७ येतो आणि ७.८ ला सुमारे २.१. याच पाण्यात ओमेगा एकवर यायला कार्बोनेट ६३ मायक्रोमोलपर्यंत घसरावे लागेल, म्हणजे ७.८ लाही पाणी विरघळवण्याच्या मर्यादेपासून बरेच दूर आहे. थंड पाण्यात चित्र वेगळे असते, कारण तेथे कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो आणि कार्बोनेट मुळातच कमी असतो.

येथे चौकस विद्यार्थ्याला एक प्रश्न पडायला हवा आणि तो पडला नाही तर मी स्वतः विचारतो. कवच बनवणारे बहुतेक प्राणी समुद्रातून कार्बोनेट आयन थेट उचलत नाहीत. त्यांना लागणारा कार्बन बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात मिळतो, शिवाय त्यांच्या स्वतःच्या श्वसनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइडही त्यात असतो. बायकार्बोनेट तर वाढले आहे, १,७३० वरून १,९७५ वर गेले आहे. ओमेगाही एकच्या बराच वर आहे. कच्चा माल वाढला आणि विरघळण्याची भीती नाही, तर मग नुकसान होते कशाचे?

उत्तर कवच बनण्याच्या अभिक्रियेतच आहे.

```
Ca2+ + HCO3- → CaCO3 + H+
```

बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेटचा एक कण बनला की एक हायड्रोजन आयन मोकळा होतो. कालव, तिसरी, शिणाणे यांच्या शरीरात प्रावार नावाची पातळ पापुद्र्यासारखी ऊती असते. ती आणि कवच यांच्यामधल्या अरुंद पोकळीतील द्रवात ही अभिक्रिया घडते. मोकळा झालेला हायड्रोजन आयन तिथेच राहिला तर पोकळीतील सामू पडतो, कार्बोनेट पुन्हा बायकार्बोनेट होऊ लागतो आणि काम थांबते. म्हणून प्राण्याला तो सतत बाहेर काढावा लागतो. या कामासाठी पेशींच्या पटलात पंपासारखी प्रथिने असतात. त्यांतील एक प्रकार कॅल्शियम आत घेतो आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजन बाहेर टाकतो, आणि प्रत्येक फेरीला ऊर्जा खर्च करतो. आता बाहेरच्या पाण्यातच हायड्रोजन आयन दुप्पट झाले असतील तर तीच फेरी अधिक महाग पडते. भरती चढत असताना होडीत शिरलेले पाणी उपसून टाकावे तसे हे आहे. उपसणाऱ्याचे हात तेच, पण बाहेरची पातळी वर आली की प्रत्येक बादलीला कष्ट जास्त.

मग नुकसान कार्बोनेट कमी झाल्याने होते की हायड्रोजन आयन वाढल्याने? या प्रश्नावर संशोधकांत बराच खल झाला आहे आणि दोन्ही बाजूंचे प्रयोग आहेत. परंतु समतोलाचे समीकरण थोडे फिरवून लिहिले तर वादाचा गाभा समजतो.

```
[CO3(2-)] = K2 × [HCO3-] / [H+]
```

कार्बोनेटचे प्रमाण म्हणजे एका स्थिरांकाने गुणलेले बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन यांचे गुणोत्तर. म्हणजे कच्चा माल किती आणि टाकाऊ आयन बाहेर फेकायला अडचण किती, यांचा भागाकार. ‘कार्बोनेट कमी पडतो’ आणि ‘हायड्रोजनचा बोजा वाढतो’ ही दोन वाक्ये पुष्कळदा एकाच आकड्याचे दोन अर्थ असतात. समुद्रात नैसर्गिकरीत्या सामू, कार्बोनेट आणि ओमेगा एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे नुसत्या निरीक्षणावरून त्यांना वेगळे करता येत नाही. वेगळे करायचे तर प्रयोगशाळेत अल्कताही बदलावी लागते, म्हणजे सामू कमी पण ओमेगा जास्त किंवा त्याच्या उलट अशी पाणी बनवता येतात. अमेरिकेत ओरेगन येथील जॉर्ज वॉल्डबुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रयोग कालवांच्या आणि शिणाण्यांच्या अगदी कोवळ्या पिल्लांवर केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पहिल्या कवचाचे घडणे सामूपेक्षा ओमेगाशी अधिक घट्ट बांधलेले दिसले. मोठ्या प्राण्यांविषयी आणि इतर गटांविषयी तोच निष्कर्ष सरसकट लावता येत नाही.

ओरेगनमधील हॅचरी

हे सारे कागदावरचे रसायन एका व्यवसायाच्या मुळावर कसे आले, याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावरील नेटार्ट्स खाडीत आहे. तेथे व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी पॅसिफिक कालवांची पिल्ले, म्हणजे डिंभ, तयार करून शेती करणाऱ्यांना पुरवते. २००७ आणि २००८ च्या हंगामांत तेथील टाक्यांमध्ये डिंभ मोठ्या संख्येने मरू लागले. पहिला संशय जिवाणूंवर गेला आणि तो अगदी निराधार नव्हता, कारण कालवांच्या डिंभांना मारणारा एक विब्रिओ जिवाणू हॅचरीवाल्यांना चांगलाच परिचित आहे. परंतु पाणी गाळून आणि निर्जंतुक करूनही मरतूक थांबली नाही.

त्याच सुमारास, २००७ मध्ये, रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या किनाऱ्यालगत जहाजातून पाण्याची तपासणी केली होती आणि ॲरागोनाइट विरघळवू शकेल असे पाणी अपेक्षेपेक्षा खूप उथळ भागात आल्याचे त्यांना आढळले. तेथे उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे वाहू लागले की पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते. ते पाणी हवेच्या संपर्कात काही दशकांपूर्वी आलेले असते. मधल्या काळात त्यात बुडत आलेले जैविक द्रव्य कुजलेले असते, म्हणून त्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच अधिक असतो, आणि माणसाने हवेत सोडलेल्याची भर त्यावर पडते. खोल पाणी वर येणे ही नैसर्गिक, जुनी गोष्ट आहे. नवी गोष्ट त्यावरची भर आहे, आणि काठोकाठ भरलेल्या भांड्यात एक वाटी ओतली की ते सांडते, तसे येथे झाले.

हॅचरीत आत येणाऱ्या पाण्याची सततची मोजणी सुरू झाली आणि तिचे निष्कर्ष ॲलन बार्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. आत येणाऱ्या पाण्याचा ॲरागोनाइट ओमेगा ०.८ पासून ३.२ पर्यंत आणि सामू ७.६ पासून ८.२ पर्यंत हेलकावत होता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची होती. डिंभांची वाढ आणि उत्पादन यांचा संबंध अंडी फलित होताना व त्यानंतरच्या साधारण दोन दिवसांत जे पाणी होते त्याच्याशी लागत होता. त्या दोन दिवसांत पाणी वाईट असेल तर पिल्ले तेव्हाच मरत असे नाही. ती पुढे आठवड्याभराने किंवा त्याहून उशिरा खुंटत आणि मरत, तोवर टाकीतले पाणी कदाचित सुधारलेलेही असे. यामुळेच कारण शोधायला इतका वेळ लागला. मरण्याच्या दिवशीचे पाणी तपासणाऱ्याला दोष सापडलाच नसता.

पहिले दोन दिवस इतके निर्णायक का, हे डिंभाच्या शरीराकडे पाहिले की उलगडते. फलित अंड्यात आईने दिलेल्या बलकाची थोडीशी शिदोरी असते. पिल्लाला तोंड फुटून खाता येऊ लागायच्या आत त्याला त्या शिदोरीवर आपले पहिले कवच पुरे करावे लागते. इंग्रजी डी अक्षरासारख्या आकाराचे हे कवच फलनानंतर दीड-दोन दिवसांत तयार होते आणि तोवर पिल्लाच्या वजनात सुमारे ९० टक्क्यांपर्यंत वाटा कवचाचाच झालेला असतो. म्हणजे आयुष्यात पुन्हा कधीही करणार नाही इतक्या वेगाने ते या वेळी कॅल्शियम कार्बोनेट साचवत असते, आणि बाहेर फेकायचे हायड्रोजन आयनही त्याच वेगाने साठत असतात. शिवाय या अवस्थेत कवच बनण्याची जागा बाहेरच्या पाण्यापासून नीट बंदिस्त झालेली नसते. पुढे प्रावार आणि कवच यांच्यामध्ये जी राखलेली पोकळी असते ती अजून पुरती सिद्ध झालेली नसते. तिसरी अडचण म्हणजे हे पहिले कवच ॲरागोनाइटचे असते, मोठ्या कालवाचे कवच मात्र मुख्यत्वे कॅल्साइटचे.

वाईट पाण्यात पिल्लू कवच बनवतच नाही असे नाही, बनवते, पण त्यासाठी शिदोरीतील अधिक वाटा पंप चालवण्यात जातो. कवच पुरे होईस्तोवर खायला लागणारे अवयव घडवायला आणि पहिला घास मिळेपर्यंत तग धरायला पुरेशी ऊर्जा उरत नाही. ओमेगा अजून एकच्या वर असताना, म्हणजे दोन-दीडच्या आसपासच, डिंभांचे नुकसान दिसू लागते ते यामुळे. ओमेगा एक ही खनिजाची मर्यादा आहे, प्राण्याची नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा फरक सर्वाधिक वेळा चुकलेला मी पाहतो.

हॅचरीने जे उपाय केले ते याच रसायनातून निघाले. पहिला उपाय वेळेचा. नेटार्ट्स खाडीत सागरी गवताची कुरणे आहेत. दिवसा ती प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि रात्री श्वसनातून परत सोडतात. म्हणून पहाटेचे पाणी सर्वांत वाईट आणि दुपारनंतरचे सर्वांत चांगले. टाक्या दुपारी भरल्या की अर्धे काम होते. दुसरा उपाय सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून घालण्याचा. वरच्या ७.८ सामूच्या पाण्यात प्रति किलोग्रॅम १०० मायक्रोमोल सोडियम कार्बोनेट घातले तर अल्कता २,५०० होते, कार्बोनेट १३५ वरून सुमारे २०५ वर जातो, ओमेगा २.१ वरून ३.३ च्या आसपास येतो आणि सामू सुमारे ७.९८ होतो. एक टन पाण्याला हे साधारण ११ ग्रॅम सोड्याचे काम आहे. सोडा थोडा थोडा, ढवळत घालावा लागतो, कारण एका जागी तो दाट झाला की खनिज पाण्यातच साचून खाली बसते आणि घातलेली अल्कता वाया जाते. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, घालून हा परिणाम मिळत नाही. तो कार्बन आणि अल्कता सारख्याच प्रमाणात वाढवतो, धुण्याचा सोडा मात्र एका कार्बनमागे दुप्पट अल्कता देतो. हा उपाय टाकीपुरता आहे हे उघड आहे. उघड्या खाडीत वाढणाऱ्या पिल्लांना तो लागू पडत नाही.

सगळ्यांचे नुकसान सारखे नाही

एकाच वाक्यात ‘कवचधारी प्राणी धोक्यात’ असे लिहिणे मला पटत नाही. जस्टिन रीस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अठरा प्रकारच्या कवच बनवणाऱ्या सजीवांवर केलेल्या प्रयोगांत अनेकांचे कवच बनणे मंदावले, पण काही खेकडे, शेवंड आणि कोळंबी यांच्या जातींत ते उलट वाढले. या प्राण्यांचे कवच जैविक आवरणाने झाकलेले असते आणि शरीरातील द्रवाचा सामू राखण्याची त्यांची ताकद चांगली असते. शिणाण्यांच्या कवचावरही एक गडद पापुद्रा असतो, तो शाबूत असेतोवर खालचे खनिज पाण्याला भिडत नाही. जर्मनीतील कील फ्योर्डमध्ये पाण्यात कार्बन डायऑक्साइड वेळोवेळी खूप वाढतो आणि तरीही तेथे शिणाण्यांची दाट वस्ती आहे. त्यांना अन्न मुबलक मिळते, म्हणून पंपांचा वाढीव खर्च भागतो, असे तेथील अभ्यासांतून दिसले. ऊर्जेचा हिशेब खरा असेल तर हेच अपेक्षित आहे: अन्न भरपूर तर सोसण्याची ताकद अधिक, आणि अन्नाआधीच्या दोन दिवसांत ती सर्वांत कमी.

मुंबईच्या किनाऱ्यावर हेच रसायन कसे वाचावे, हा आपल्या अभ्यासक्रमातील भाग आहे आणि येथे घाई करून चालत नाही. आपल्या खाड्यांमधील पाण्याचा सामू कमी आला तर तो हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळेच असे म्हणता येत नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू कुजवतात, त्यात प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे सामू व ओमेगा दोन्ही पडतात. प्राण्याच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइड कोठून आला याने फरक पडत नाही, पण कारण शोधणाऱ्याला पडतो. ओळखण्याची खूण अशी की कुजण्यामुळे झालेली घट विरघळलेल्या प्राणवायूच्या घटीबरोबर येते, तर हवेतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडला तशी जोड नसते. म्हणून सामूच्या जोडीला प्राणवायू मोजल्याशिवाय खाडीतल्या पाण्याविषयी काही विधान करू नये.

पावसाळा दुसरा गुंता आणतो. नद्या आणि नाल्यांचे गोडे पाणी समुद्रात मिसळले की कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही पातळ होतात. ओमेगाच्या सूत्रात कॅल्शियमही आहे, हे एरवी विसरले तरी चालते कारण उघड्या समुद्रात ते जवळजवळ स्थिर असते. जुलैमध्ये खाडीच्या तोंडाशी ते विसरून चालत नाही. त्याखेरीज भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असलेले पाणी उथळ भागाकडे सरकते. याचा जोर दक्षिणेकडे अधिक असतो आणि प्राणवायूची टंचाई पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तीव्र होते. ओरेगनमध्ये जे वाऱ्याने केले त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. फक्त आपल्याकडचे पाणी उबदार असल्यामुळे त्याची सुरुवात चढ्या ओमेगापासून होते.

शेवटी मोजणीविषयी, कारण प्रकल्पांच्या वह्यांत चुका येथेच होतात. लिटमस किंवा सामूचा कागद या कामाला निरुपयोगी आहे, तो एखाद्या शतांशाचा काय, दोन-तीन दशांशांचाही फरक खात्रीने दाखवत नाही. काचेच्या इलेक्ट्रोडचा मीटर वापरला तरी तो बाजारात मिळणाऱ्या ७ आणि १० च्या बफरने जुळवलेला असतो. हे बफर गोड्या पाण्यासारखे सौम्य असतात, समुद्राच्या पाण्यात इलेक्ट्रोड वेगळा वागतो, आणि समुद्रशास्त्रज्ञ जी मोजपट्टी वापरतात तिच्याहून येणारा आकडा सुमारे एक दशांशाने किंवा थोडा अधिक वर असतो. औद्योगिक क्रांतीपासून झालेला संपूर्ण बदल तेवढाच आहे. त्यामुळे आपल्या मीटरचा आकडा प्रसिद्ध आकड्याशेजारी ठेवून ‘आपला समुद्र अजून ठीक आहे’ असे लिहिणे म्हणजे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांची मापे वजा करणे होय.

सामू एकटा पुरतही नाही. सामू, अल्कता, एकूण विरघळलेला कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब या चारांपैकी कोणतेही दोन, आणि सोबत तापमान व क्षारता, कळली तरच कार्बोनेट आणि ओमेगा काढता येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सामू आणि अल्कता ही जोडी जमण्यासारखी आहे, कारण अल्कता प्रमाणित हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करून निघते. बाटली काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करावी आणि नमुना त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत तपासावा, नाहीतर बाटलीतले सूक्ष्मजीव श्वसन करत राहतात आणि आपण समुद्राऐवजी बाटली मोजतो. एकाच खडपापाशी, ओहोटीची वेळ नोंदवून, पहाटे आणि दुपारी असे दोन नमुने घेतले तर त्या दोन आकड्यांतला फरक तेथील शेवाळ आणि जिवाणू मिळून एका दिवसात पाण्यात किती उलथापालथ करतात ते दाखवतो. पुष्कळदा ती उलथापालथ औद्योगिक काळातील एका दशांशापेक्षा मोठी निघते. त्या खडपावर कालवांची पिल्ले अंड्यातून नेमकी कोणत्या महिन्यात बाहेर पडतात हे जोडीने नोंदवले, तरच त्या दोन आकड्यांना प्राण्याच्या बाजूने अर्थ येतो.